मामाची गाडी परत पाठवली ती दुपार

पलसाण्याला हायवेपासून आत कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या मागे सांडपाण्याची टाकी बांधायचं काम चालू होतं. मिलमालकाने दर्जा तपासायला एक कन्सल्टंट नेमला होता आणि त्या कन्सल्टंटची माणूस म्हणून मी त्या साइटवर होते. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, लिंबायतच्या एका लूम कामगाराची मुलगी. ही जागा रिकामी आहे हे मला मामाने सांगितलं होतं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, काँक्रीटच्या प्लॅन्टवर मिक्सरची गाडी चालवायचा आणि त्या साइटला माल त्याच्याच प्लॅन्टमधून येत होता. "जाई भेटी ये, तठे पोरीसले बी घेतस," जाऊन भेटून ये, तिथे मुलींनाही घेतात, असं तो आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला होता. मी गेले, भेटले, लागले. आईने त्या दिवशी त्याला पोटभर मांडे करून वाढले.

साइटला चारही बाजूंनी पत्रे ठोकलेले होते आणि एकच फाटक होतं. फाटकातून आत आलं की टाकीच्या खड्ड्यापर्यंत एक मातीचा उतार, एका गाडीपुरता. गाडी उलटी मागे घ्यायची, पंपापाशी लावायची, रिकामी करायची, मग दुसरी. दोन गाड्या शेजारी उभ्या राहायला जागा नव्हती. बायकांसाठी सोय नव्हती. मिलच्या कॅन्टीनमागे एक संडास होता, तिथे जायला फाटकाबाहेर पडून वळसा घालावा लागायचा. मी पाणी कमी प्यायला शिकले होते.

त्या दिवशी टाकीच्या लांब भिंतीचं काँक्रीट होतं. मे महिना होता. पत्रे तापून त्यांच्याजवळून जातानासुद्धा चटका बसत होता. सकाळपासून गाड्या नीट येत होत्या. प्रत्येक गाडी पंपात रिकामी करण्याआधी मी तिचा स्लम्प घेत होते आणि मी हो म्हटल्यावरच माल पंपात जात होता.

स्लम्प घेणं दिसायला सोपं आहे. पत्र्याचा एक शंकू असतो, तळाला रुंद, वर अरुंद, फूटभर उंचीचा. तो ओला करून सपाट पत्र्यावर ठेवायचा, दोन्ही पाय त्याच्या तळाशी बाहेर आलेल्या कानांवर रोवून उभं राहायचं. गाडीतून सुरुवातीला पडणारा माल सोडून द्यायचा, त्यानंतरचा घ्यायचा. तीन थरांत भरायचा, प्रत्येक थर गोल टोकाच्या सळईने पंचवीस वेळा ठोकायचा, वरचं तोंड सपाट करायचं. मग शंकू सरळ वर उचलायचा. वळवायचा नाही, धक्का द्यायचा नाही. आतला माल आधार गेल्यावर खाली बसतो. शंकूच्या उंचीपेक्षा तो किती खाली बसला, तेवढा त्याचा स्लम्प. आमच्या भिंतीसाठी एकशेवीस मिलिमीटर ठरलेला होता आणि पंचवीस वर किंवा खाली चालत होते. यावरून काँक्रीट किती मजबूत होणार ते कळत नाही. ते त्याच मालाचे ठोकळे, म्हणजे क्यूब, महिन्याभराने दाबून फोडल्यावर कळतं, आणि तोवर भिंत उभी राहिलेली असते. पण मिक्स ठरलेलं असताना एखाद्या गाडीचा स्लम्प अचानक बदलला, तर आत काहीतरी बदललंय, आणि बहुतेक वेळा ते पाणी असतं, एवढं हा शंकू तिथल्या तिथे सांगतो.

जेवणाच्या वेळेनंतर मामाची गाडी आली. ती बरीच उशिरा आली होती. पर्वत पाटियाच्या चौकात ट्रॅफिक अडकलं होतं, असं मागून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने फोनवर सांगितलेलं होतं. मामाने काचेतून हात केला. मीही केला. त्याने सफाईने गाडी उलटी घेतली आणि उतारावर पंपाजवळ लावली. मी शंकू भरला. भरतानाच सळई लोण्यात जावी तशी जात होती. शंकू उचलला आणि माल माझ्या बुटांपर्यंत आला.

तो बसला नाही, पसरला. मधे खडीचा एक ढिगारा राहिला आणि भोवती सिमेंटचं राखाडी पाणी कडेकडेने वाहत पत्र्याखाली गेलं. माल सैल करणारं केमिकल जास्त झालं तरी माल असा पसरतो, पण तेव्हा तो एकसंध राहतो, खडीला चिकट धरून जातो. इथे खडी एकीकडे आणि पाणी एकीकडे होतं. पट्टी लावली तर दोनशे दहा.

मी दुसरा नमुना घेतला. पुन्हा तसाच पसरला. मी पंपवाल्याला हात वर करून थांबवलं.

कंत्राटदाराचा साइट मॅनेजर भिंतीलगतच्या मचाणाच्या पाटांवरून खाली उतरला. पन्नाशीचा, गळ्यात ओला रुमाल, पायाने थोडा लंगडणारा. तो गुजरातीत बोलायचा, मी निम्मी हिंदी, निम्मी गुजराती. वाईट माणूस नव्हता. माझ्या वयाची मुलगी त्याला होती आणि तो मला नेहमी बेन म्हणायचा.

"बेन, फरीथी करो," तो म्हणाला. पुन्हा करा.

"दोनदा केलं. ही गाडी परत जाईल."

"परत? भिंत अर्धी भरलीय. मधे थांबलो तर जोड पडेल. पाण्याची टाकी आहे, जोडातून गळेल. मग कोण जबाबदार?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. एका थरावर दुसरा थर वेळेत पडला नाही तर खालचा घट्ट होतो आणि दोघांच्या मधे फट राहते. पण हा पाणीदार माल भिंतीत गेला असता, तर खडी खाली बसली असती, पाणी वर आलं असतं आणि सुकल्यावर भिंतभर बारीक भोकं राहिली असती. आत रंगाचं पाणी राहणार होतं.

"मागची गाडी हायवेवर उभी आहे," मी म्हटलं. "ही आत्ता बाहेर काढा, ती आत घ्या. जोड पडायच्या आत माल पडेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मामाच्या गाडीकडे. त्याला नातं माहीत होतं, सगळ्या साइटला माहीत होतं. त्याने मामाला खाली बोलावलं आणि माझ्यासमोर विचारलं, "तू वाटेत पाणी टाकलंस?"

मामाने मान हलवली. "नहीं साहब. प्लॅन्ट से ऐसाच भरा था."

हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. गाडीच्या मागच्या पाण्याच्या टाकीच्या काचनळीकडे माझी नजर गेली. पाणी तळाला होतं. प्लॅन्टवरून निघताना ती टाकी भरून देतात.

मॅनेजर फाटकापाशी गेला आणि वॉचमनला काहीतरी म्हणाला. वॉचमनने फाटक ओढून साखळी लावली आणि कुलूप घातलं.

"गाडी रिकामी झाल्याशिवाय फाटक उघडणार नाही," मॅनेजर परत येऊन म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुम्ही बसा बेन, सावलीत बसा. थोड्या वेळाने पुन्हा टेस्ट करू."

मला लगेच समजलं नाही. मी केबिनमध्ये जाऊन कन्सल्टंटला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा. ते कुठल्यातरी स्लॅबवर असणार किंवा मीटिंगमध्ये. ऑफिसातल्या मुलीने "सांगते" म्हटलं. केबिनचा पंखा गरम हवा फिरवत होता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हा माणूस कशाची वाट बघतोय.

काँक्रीट जसजसं थांबतं तसतसं घट्ट होत जातं. त्या उन्हात तर भराभर. आत्ता जो माल पाण्यासारखा पसरतोय, तो तासाभराने आपोआप आवरून बसला असता आणि पट्टीने बरोबर आकडा दाखवला असता. आत घातलेलं पाणी मात्र आतच राहिलं असतं. मॅनेजरला मला पटवायचंच नव्हतं. त्याला फक्त तोवर गाडीला आणि मला आत ठेवायचं होतं.

मी फाटकापाशी गेले. वॉचमनला म्हटलं, मला बाहेर जायचंय. तो बिचारा गोरखपूरकडचा म्हातारा, त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "मॅडम, साहब ने चाबी ले ली." मला खरंच बाहेर जायचं होतं. सकाळपासून गेले नव्हते. हे त्याला किंवा मॅनेजरला सांगायची मला लाज वाटली. मी परत आले आणि पायावर पाय दाबून केबिनच्या पायरीवर बसले. पत्र्यापलीकडे हायवेचे ट्रक जात होते, मिलच्या बॉयलरचा आवाज येत होता. तिथे शेकडो माणसं असतील. पण पत्र्याच्या आतल्या त्या चौकोनात मी, पाटांवर बसलेले मजूर, मॅनेजर आणि ड्रम फिरवत उभा असलेला मामा, एवढेच. सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी बघितलं की दुसरीकडे बघायचे.

मामा माझ्याजवळ आला. त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता. तो शेजारी उकिडवा बसला आणि हळू आवाजात आमच्या बोलीत म्हणाला, "माय, घट्ट व्हई गयं व्हतं. मी काय करू? तठे गाडी हालेच ना."

"म्हणून पाणी टाकलं?"

"थोडंसं."

"मामा, टाकी रिकामी दिसतेय."

तो म्हणाला, मागे एकदा अशीच उशिरा घट्ट झालेली गाडी त्याने दुसऱ्या साइटवर नेली होती. तिथे सगळ्यांसमोर त्याला शिव्या बसल्या होत्या. त्यानंतर तो घट्ट माल घेऊन कुठे गेलाच नव्हता.

मी म्हटलं, "कडक आला असता तर मार्ग होता. प्लॅन्टच्या माणसाला विचारून केमिकल घातलं असतं, ड्रम जोरात फिरवला असता, पुन्हा स्लम्प घेतला असता. पाणी घातल्यावर ते काढता येत नाही."

"हाई माले कोन सांगनं?" तो म्हणाला. हे मला कोणी सांगितलं? मग जरा थांबून: "पाणी टाकं म्हनीसन सांगू नको. तू फक्त हो म्हन. एक गाडीनी काय व्हस?" पाणी टाकलं असं सांगू नको, एका गाडीने काय होतं.

तो ज्या आवाजात बोलला तो मी कधी ऐकला नव्हता. हा माणूस मला खांद्यावर बसवून लिंबायतच्या गल्लीतून गणपती बघायला न्यायचा. माझ्या डिप्लोमाच्या ॲडमिशनला वडिलांना लूमवरची पाळी सोडता आली नाही तेव्हा रांगेत हाच उभा होता. मी हो म्हटलं असतं तर फाटक उघडणार होतं, मॅनेजर खूश होणार होता, मामा वाचणार होता, आणि मला संडासला जाता येणार होतं. हे सगळं याच क्रमाने नाही, एकदमच माझ्या मनात आलं. पण मी हो म्हटलं नाही. मामा उठून गाडीकडे गेला.

तासाभराने मॅनेजरने आपल्या सुपरवायझरकडून शंकू भरून घेतला. मला बोलावलं. शंकू उचलला आणि माल शहाण्यासारखा बसला, कडा गोल, वर सपाटी. सुपरवायझरने पट्टी धरली.

"एकशेचाळीस," मॅनेजर म्हणाला. "बघा बेन. पास. तुमच्याच शंकूने."

पाटांवरचे मजूर उठून उभे राहिले, व्हायब्रेटरवाल्याने वायर ओढली. मला वाटलं, आता काय सांगणार? आकडा त्याच्या बाजूचा होता. मी पट्टीकडे बोट केलं.

"आला तेव्हा दोनशे दहा होता. यातलं पाणी कुठे गेलं? ते तिथेच आहे. आता तर माल भरून दोन तासही उलटून गेलेत, त्यानंतरचा माल चालत नाही. आधी एका कारणाने परत जात होती, आता दोन कारणांनी जाईल."

"तपासणीचे क्यूब मागच्या गाडीतून भरू," तो हळूच म्हणाला. "कोणाला कळणार नाही."

"मागच्या गाडीतला मालही आता हायवेवर उभा राहून म्हातारा झाला. ती गाडी तेव्हाच घेतली असतीत तर जोड पडला नसता. फाटक तुम्ही बंद केलंत."

त्याचा चेहरा बदलला. रागाने नाही, मला वाटतं त्याच्या ते खरंच लक्षात आलं नव्हतं. उतारावर मामाची गाडी अडकलेली, तिच्यामुळे दुसरी आत येऊ शकत नव्हती, आणि भिंतीतला खालचा थर मिनिटामिनिटाला आवळत होता. मला कोंडताना त्याने स्वतःची भिंतही कोंडली होती.

पण त्याने किल्ली काढली नाही. मागे फिरायला त्याला वाट राहिली नव्हती, मलाही नव्हती. आम्ही दोघं त्या बसलेल्या मालाच्या दोन बाजूंना उभे होतो.

शेवटी वाट गाडीनेच काढून दिली. ड्रमचा आवाज जड झाला होता. मामा खाली वाकून ऐकत होता आणि त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता. आतला माल ड्रममध्येच बसला तर गाडीच निकामी होते, मग आत माणूस उतरवून छिन्नीने तोडावा लागतो. त्याने प्लॅन्टला फोन लावला. पलीकडून प्लॅन्टचा साहेब इतक्या मोठ्याने ओरडत होता की मला शब्द ऐकू येत होते. माझी गाडी सोडा. मामाने फोन मॅनेजरला दिला. मॅनेजरने ऐकलं, दोन-तीनदा "पण" म्हटलं, आणि फोन माझ्याकडे दिला.

"मॅडम, रिजेक्ट तुम्ही केलं ना?" साहेबाने विचारलं. "आमच्या बॅचमध्ये काही चूक नाही. ड्रायव्हरने पाणी टाकलं का, एवढं सांगा."

मामा समोर उभा होता. मॅनेजर ऐकत होता. फोन हातात गरम झाला होता. मला खोटं बोलता येईना आणि खरंही बोलता येईना. मी म्हटलं, "तुमचे ड्रायव्हर इथेच आहेत. त्यांना विचारा," आणि फोन मामापुढे धरला.

त्याने तो लगेच घेतला नाही. ड्रमकडे बघितलं. मग घेतला, कानाला लावला आणि म्हणाला, "हां साहब. मैंने डाला. पर्वत पाटिया पे."

मॅनेजरने खिशातून किल्ली काढून वॉचमनकडे फेकली. मामा गाडीत बसला, उतार चढून फाटकातून बाहेर पडला. या वेळी त्याने हात केला नाही. मीही करू शकले नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी त्याच फाटकातून मिलच्या संडासाकडे अक्षरशः पळाले. तिथे कडी लावून बराच वेळ उभी राहिले आणि तोंडात दुपट्टा कोंबून रडले.

भिंत त्या दिवशी तिथेच थांबली. खालचा थर पूर्ण बसल्यावर त्याचा वरचा पृष्ठभाग छिन्नीने टोचून खडी उघडी केली, धुतला, आणि मग वरचं काँक्रीट केलं. जेवढी काळजी घेता येते तेवढी घेतली. तरी पुढे टाकी पाण्याने भरून बघितली तेव्हा त्या जोडाच्या रेषेवर एका ठिकाणी ओल आली. तिथे भोकं पाडून आतून सिमेंटचं पातळ ग्राउट भरावं लागलं. मॅनेजर मालकाच्या लोकांना ती ओल दाखवताना म्हणाला, "बेनने काम थांबवलं तिथलीच आहे." कोणी फाटकाचं विचारलं नाही. मी सांगायला गेले तेव्हा ते पुढच्या भिंतीकडे गेले होते.

कन्सल्टंटने त्याच दिवशी संध्याकाळी फोन केला होता. "तू केलंस ते बरोबर," ते म्हणाले, "पण अशा वेळी आधी मला फोन करत जा." मी "हो सर" म्हटलं.

मामाला गाडीवरून काढलं. काही काळ प्लॅन्टवरच खडीच्या ढिगावर पाणी मारायला ठेवलं, मग तो स्वतःच निघाला. आता तो कापडाच्या पार्सलांचा टेम्पो चालवतो. मामी आमच्याकडे येईनाशी झाली. आईने मला एका शब्दाने विचारलं नाही, पण मामाचा विषय निघाला की ती उठून गॅसपाशी जायची, गॅसवर काही नसलं तरी. वडील एकदा म्हणाले, "तुनं काम तू कयं." तुझं काम तू केलंस. त्यांनी ते समजावायला म्हटलं की नुसतंच म्हटलं, ते मला कळलं नाही.

मामा दिवाळीला आला. एकटाच आला. जेवताना त्याने विचारलं, "टाकीमा पाणी भरं का?" मी म्हटलं, भरलं, एका जागी ओल आली होती. त्याने हातातला घास खाली ठेवला. "मना माल घातला असता तर?" त्याने विचारलं.

"तर सगळीकडे आली असती."

त्याने मान हलवली आणि आमटी मागितली. पुढे आम्ही त्यावर बोललो नाही. आमच्यात ते असतं, शेजारी बसलो की दोघांच्या मधे येऊन बसतं.

या वर्षी मी त्याच हायवेवर दुसऱ्या मिलच्या कामावर आहे. कंत्राटदार तोच, मॅनेजरही तोच. तो आला की नमस्ते बेन म्हणतो, मी नमस्ते साहेब म्हणते. इथेही पत्र्याचं कुंपण आहे आणि एकच फाटक आहे. परवा एका गाडीचा स्लम्प एकशेवीसऐवजी एकशेसाठ आला. मी काही बोलायच्या आधीच त्याने सुस्कारा टाकला, ड्रायव्हरला हाताने परत जायची खूण केली आणि माझ्याकडे न बघता पाटांवर चढला. गाडी बाहेर जाईपर्यंत मी फाटकाकडे बघत उभी होते. ड्रायव्हर तरुण होता, अनोळखी. त्याने मला आरशातून पाहिलं. त्याचा मामा, भाऊ, बाप कोण असेल आणि आता त्याचं काय होईल, हे मला विचारायचं नव्हतं. शंकू धुवून मी पुढच्या गाडीसाठी पत्रा सपाट करायला बसले.